शब्द बदलवले, वाक्य तेच राहिले: प्रथम वर्षाच्या चोपन्न प्रकल्पांचे पुनर्लेखन

नागपूरच्या एका महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर शिकवते. २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस प्रथम वर्षाचे प्रकल्प माझ्याकडे तपासायला आले आणि त्यांचा निकाल लागेपर्यंत नोव्हेंबर संपत आला. या आठ आठवड्यांत वाङ्मयचौर्य, आशयाचे स्वतःच्या शब्दांत पुनर्लेखन आणि संदर्भ देणे या तीन गोष्टी मला मुलांना शिकवाव्या लागल्या. त्या कशा शिकवाव्यात याचा कुठलाही नमुना माझ्यासमोर नव्हता. ज्यांच्यावर हेच काम येईल ते शिक्षक आणि ज्यांची फाइल परत येईल ते विद्यार्थी, अशा दोघांसाठी हा अनुभव घडला त्या क्रमाने लिहीत आहे.

सोमवार, ३० सप्टेंबरला चोपन्न फाइली जमा झाल्या. विषय होता ‘आपल्या परिसरातील एक पीक’, आणि आमच्याकडे काटोल, नरखेड, कळमेश्वर या भागांतून येणारी मुले बरीच असल्यामुळे निम्म्याहून अधिक जणांनी संत्रा निवडला होता. गुरुवारी संध्याकाळी मी नववी फाइल वाचत होते तेव्हा एक परिच्छेद ओळखीचा वाटला. मागच्या फाइली पुन्हा उघडल्या तर तोच परिच्छेद चौथ्या आणि सातव्या फाइलमध्येही होता, आणि ‘ओलावा’ या शब्दातला शेवटचा काना तिन्ही ठिकाणी सुटलेला होता. रात्रीपर्यंत मोजणी पूर्ण झाली, तेव्हा त्या सुटलेल्या कान्यासह तो परिच्छेद सतरा फाइलींत सापडला.

मला राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटले ते दुसऱ्या एका फाइलमुळे. तिच्यात लिहिले होते की तापमान अठ्ठावीस अंशांच्या खाली गेले की संत्र्याच्या झाडाला इजा होऊ लागते. नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तापमान अठ्ठावीसच्या कितीतरी खाली जाते आणि बागा उभ्याच असतात. थोडा शोध घेतल्यावर उलगडा झाला. मजकूर अमेरिकेतील संत्रा बागांविषयीच्या एका इंग्रजी पानावरून वाक्यागणिक भाषांतरित केलेला होता. मूळ आकडा फॅरनहाइटमधला होता, म्हणजे सेल्सिअसमध्ये शून्याखाली सुमारे दोन अंश. भाषांतर करताना ‘फॅरनहाइट’ हा शब्द तेवढा गळाला होता. ज्या मुलाने हे लिहिले त्याच्या घरी संत्र्याची बाग आहे. त्याला ठाऊक असलेली गोष्ट आणि त्याने कागदावर उतरवलेली गोष्ट यांची भेटच झाली नव्हती.

सोमवार, ७ ऑक्टोबरला मी विभागप्रमुखांना लेखी टिपण दिले. कार्यालयात ते आवक नोंदवहीत चढवून घेतले आणि पोच घेतली. अशा प्रकरणात तोंडी सांगण्यावर थांबू नये, कारण पुढे मूल्यमापनाची तारीख लांबली तर तेवढाच कागद हाती असतो. फाइली यंत्रणेतून तपासून मिळतील का, हे ग्रंथालयात विचारले. साम्य तपासण्याची सोय केवळ संशोधन प्रबंधांसाठी आहे, असे उत्तर आले. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम वाचल्यावर त्यामागचे कारणही समजले. त्या विनियमांतील दंडाच्या पायऱ्या पदव्युत्तर आणि संशोधन पातळीवरील लेखनासाठी आहेत. स्वाध्याय, प्रकल्प अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका त्यांतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. म्हणजे आमच्या सतरा जणांचे काय करायचे, हे विभागालाच ठरवायचे होते.

मधे दसरा आला. दीक्षाभूमीवरच्या गर्दीमुळे त्या दिवसांत शहराचा दक्षिण भाग वाहनांना जवळपास बंदच असतो, त्यामुळे विभागाची बैठक मंगळवार, १५ ऑक्टोबरला झाली. निर्णय असा झाला की सर्वच चोपन्न जणांनी अहवालातील ‘माहिती’ हा दोन पानांचा भाग नव्याने लिहावा, दिलेल्या मुदतीत लिहिणाऱ्याचे गुण कापू नयेत, आणि त्याआधी मी तीन तासिकांत हे कसे लिहायचे ते शिकवावे. हा निर्णय मला योग्य वाटला, कारण विषय वाटून देताना संदर्भ कसा द्यायचा हे आमच्यापैकी कोणीही मुलांना सांगितलेले नव्हते. बैठकीत मी आणखी एक मागणी केली आणि ती मान्य झाली: नवीन दोन पाने हाताने लिहिलेली चालतील. पहिल्या अहवालाच्या टायपिंग, छपाई आणि स्पायरल बायंडिंगवर मुलांचे प्रत्येकी चारशे-पाचशे रुपये गेले होते. पुन्हा तेवढा खर्च लादणे मला बरोबर वाटत नव्हते.

टायपिंगवरून एक उपयोगी गोष्ट सांगते. दोन मुलांच्या पेन ड्राइव्हमधला मजकूर मी शोधपेटीत चिकटवून पाहिला, तेव्हा मराठी अक्षरांच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रांग उमटली. नागपूरच्या बर्डी बाजारातल्या टायपिंगच्या दुकानांत अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये काम चालते. असा मजकूर कोणत्याही तपासणी यंत्रणेत घातला तरी साम्य शून्य दिसेल, आणि त्या शून्याला काहीही अर्थ नसेल. टायपिंगला देतानाच ‘युनिकोडमध्ये करा’ असे सांगावे. पुढे मजकूर शोधायला, दुरुस्त करायला आणि पाठवायलाही तेच सोयीचे पडते.

पहिली तासिका शुक्रवार, १८ ऑक्टोबरला झाली. मुलांनी उतरवलेला मूळ परिच्छेद नमुना म्हणून वापरायचा नाही, असे मी ठरवले होते; तसे केले असते तर सतरा जण सगळ्या वर्गासमोर उघडे पडले असते. म्हणून ताण देण्याविषयी मी स्वतः एक उतारा लिहिला, कृषी महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका परिचितांकडून तपासून घेतला आणि वर्गात वाटण्यासाठी केलेल्या चार पानांच्या टिपणात दुसऱ्या पानावर घातला. टिपणाच्या चोपन्न प्रती काढायला २१६ रुपये लागले. तो उतारा असा:

“संत्र्याच्या झाडाला फुले यावीत म्हणून बहारापूर्वी बागेचे पाणी काही आठवडे तोडतात, यालाच ताण देणे म्हणतात. ताणाच्या काळात झाडाची वाढ थांबते आणि पानांत तयार झालेले अन्न फांद्यांत साठून राहते. पुढे पाणी मिळताच याच साठ्याच्या बळावर नवती व फुले फुटतात. हलक्या जमिनीला कमी दिवसांचा ताण पुरतो; मात्र काळ्या भारी जमिनीत ओलावा दीर्घकाळ टिकत असल्याने तेथे ताण अधिक दिवस द्यावा लागतो.”

वर्गाला वीस मिनिटे दिली आणि हा उतारा स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगितला. बहुतेकांनी जे लिहिले त्याचा एक प्रातिनिधिक नमुना, त्या विद्यार्थ्याच्या परवानगीने:

“संत्र्याच्या वृक्षाला फुलोरा यावा याकरिता बहाराआधी बागेचे जल काही आठवडे बंद करतात, यालाच तणाव देणे असे संबोधतात. तणावाच्या कालावधीत वृक्षाची वाढ खुंटते आणि पर्णांत निर्माण झालेले अन्न शाखांत साठून राहते.”

हा फळ्यावर लिहिल्यावर मी खाली मूळ उताऱ्यातली वाक्ये ओळीने मांडली आणि बदललेल्या शब्दांखाली रेघ मारली. झाडाचा वृक्ष, पाण्याचे जल, पानांची पर्णे आणि फांद्यांच्या शाखा झाल्या होत्या. रेघ नसलेला भाग वाचला तर वाक्याचा सांगाडा जसाच्या तसा उभा होता: तोच क्रम, तेच ‘यालाच’, तोच स्वल्पविराम. लिहिणारा मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, “मॅडम, पण शब्द तर सगळे बदलवले न मी.” त्याचे म्हणणे खरेच होते, आणि अडचण नेमकी तिथेच होती. बहुतेकांना शाळेत समानार्थी शब्दांच्या पलीकडे काही सांगितलेले नसते, त्यामुळे पुनर्लेखन म्हणजे शब्दांची अदलाबदल अशी त्यांची समजूत झालेली असते.

शिवाय या अदलाबदलीत एक चूक शिरली होती. ‘ताण’ हा बागायतदारांचा पारिभाषिक शब्द आहे. त्याचा ‘तणाव’ केल्याबरोबर वाक्य झाडाविषयीचे राहत नाही. दुसऱ्या एका वहीत ‘बहार’ या शब्दाच्या जागी ‘वसंत ऋतू’ आला होता, तर मृग बहाराची फुले येतात पावसाळ्याच्या तोंडावर. म्हणून पहिला नियम मी फळ्यावर लिहिला: ताण, बहार, नवती, भारी जमीन हे विषयाचे शब्द आहेत, ते कोणा एका लेखकाचे नाहीत, ते तसेच ठेवायचे. बदलायची असते ती मांडणी.

मांडणी बदलण्याची रीत दुसऱ्या तासिकेत, सोमवार, २१ ऑक्टोबरला करून घेतली. प्रत्येकाने उतारा दोनदा वाचायचा, टिपण पालथे घालायचे, आणि शेजारच्याला तोंडी सांगायचे की यातून आपल्या प्रकल्पाला काय हवे आहे. तोंडी सांगताना मूळ वाक्ये आपोआप मोडतात, कारण बोलताना कोणी ‘द्यावा लागतो’पर्यंत लांबत जाणारे वाक्य धरून ठेवत नाही. मग जे सांगितले त्यातले चार-पाच सुटे शब्द कागदावर टिपायचे, पूर्ण वाक्य टिपायचे नाही. त्या शब्दांवरून परिच्छेद लिहायचा आणि शेवटी टिपण उलटून दोन गोष्टी ताडून पाहायच्या: मूळची एखादी शब्दांची साखळी नकळत आली आहे का, आणि अर्थ कुठे निसटला आहे का. पहिल्या प्रयत्नात अनेकांचा अर्थ निसटला. एकीने लिहिले की काळ्या जमिनीत ताण ‘जास्त चांगला बसतो’. मूळ म्हणणे जवळपास उलट होते, की तिथे तो बसायला वेळ लागतो. त्यामुळे शेवटची ताडणी गाळून चालत नाही.

ज्या मुलाने ‘तणाव’ लिहिले होते, त्याच्याच दुसऱ्या प्रयत्नाचे हे रूप. त्याच्या प्रकल्पाचा भर जमिनीच्या प्रकारांवर होता, म्हणून त्याने जमिनीपासून सुरुवात केली:

“विभागाच्या टिपणानुसार, बागेचे पाणी किती दिवस तोडायचे हे जमीन किती काळ ओल धरते यावर ठरते, म्हणून काळ्या जमिनीतील बागायतदाराला हलक्या जमिनीतील बागायतदारापेक्षा जास्त थांबावे लागते. या ताणाचा हेतू वाढ थांबवून झाडात अन्न साठू देणे हा असतो, कारण नंतरची फुले त्या साठ्यावर येतात (विभागाचे टिपण, २०२४, पृ. २).”

मूळ उताऱ्यात शेवटी आलेला मुद्दा इथे आधी आला, कारण या लेखकाला तोच मुद्दा हवा होता. चार वाक्यांची दोन झाली, आणि ‘नवती’ हा त्याला न लागणारा तपशील गळाला. एखाद्याने स्वतः विचार करून लिहिले आहे की नाही, हे मी आता शब्दांवरून ओळखत नाही. या निवडीवरून ओळखते.

वर्गातला सर्वांत कठीण प्रश्न त्यानंतर आला. वाक्य माझे झाले, मग कंस कशासाठी? मी त्यांना विचारले, काळ्या जमिनीत ताण जास्त दिवस लागतो हे तुला आज सकाळी ठाऊक होते का? ज्यांना नव्हते त्यांना उत्तर लगेच पटले: वाक्य आपले झाले तरी माहिती दुसऱ्याकडून आली आहे, आणि ती चुकीची निघाली तर वाचणाऱ्याला कुठे जाऊन तपासायचे हे कळले पाहिजे. नागपूर विदर्भात आहे, यासाठी संदर्भ लागत नाही. ताणाचे दिवस, उत्पादनाचे आकडे, रोगाचे कारण यांसाठी लागतो. भाषांतरालाही हेच लागू आहे. इंग्रजीतून मराठीत आणलेला परिच्छेद शब्दांनी पूर्ण नवा असतो, यंत्रणेला तो सहसा सापडतही नाही, तरी विचार आणि क्रम मूळ लेखकाचाच असतो. अठ्ठावीस अंशांच्या त्या वाक्याखाली पानाचे नाव असते, तर आकडा कोणत्या मापाचा आहे हे मला दोन मिनिटांत पाहता आले असते.

वरच्या नमुन्यात ‘टिपणानुसार’ आणि कंस अशा दोन खुणा आहेत, त्या मुद्दाम. परिच्छेदाच्या शेवटी नुसता एक कंस टाकला तर उसना भाग कुठून सुरू झाला हे समजत नाही. पहिली खूण दार उघडते, दुसरी मिटते. मधला भाग टिपणाचा, पुढचा तुमचा. आणि मूळ शब्दच हवे असतील, जसे एखादी व्याख्या किंवा कायद्याचे कलम, तर ते अवतरणचिन्हांत अक्षरशः तसेच द्यावेत आणि पृष्ठक्रमांक लिहावा. प्रथम वर्षाच्या दोन पानांत असे एखादे अवतरण पुरते.

तिसऱ्या तासिकेत, २४ ऑक्टोबरला, संदर्भसूची पाहिली. पहिल्या अहवालांपैकी एकवीस जणांनी स्रोत म्हणून ‘गूगल’ लिहिले होते. गूगल पानापर्यंत नेते, पान लिहिते दुसरेच कोणी. अमरावती मार्गावरील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या पानावरून माहिती घेतली असेल तर संस्थेचे नाव, पानाचे शीर्षक, वर्ष, पत्ता आणि आपण ते पान पाहिल्याची तारीख लिहायची. व्यक्तीचे नाव नसेल तर प्रसिद्ध करणारी संस्था हाच लेखक. दोन्हींचा पत्ता लागत नसेल तर ते पान वापरू नये, असे मी स्पष्ट सांगितले. याच तासिकेत कोणीतरी विचारले की दहा टक्के तर चालते ना. तो आकडा त्याच २०१८ च्या विनियमांतून मुलांच्या कानावर आलेला असतो: दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला तिथे दंड नाही. पण ती टक्केवारी शब्दांचे साम्य मोजते. अवतरणचिन्हांत नीट दिलेला मजकूर मोजणीतून वगळतात, आणि चोरलेले भाषांतर शून्यातही बसू शकते. दहा पानांत एक पान उतरवायला मोकळीक आहे, असा त्याचा अर्थ काढू नये.

पाने जमा करण्याची तारीख दिवाळीनंतर, गुरुवार, १४ नोव्हेंबर ठरली. पानांसोबत प्रत्येकाने सुट्या शब्दांचा तो कच्चा कागदही जोडायचा होता. ही अट घातली ते फार बरे झाले. कच्च्या कागदावर पूर्ण वाक्ये दिसली की तिथेच कळत होते की टिपण पालथे घातले गेलेले नाही. एकोणपन्नास जणांची पाने मुदतीत आली, पाच जणांची त्या आठवड्याअखेर. तपासायला एका फाइलला मला पंधरा-वीस मिनिटे लागली, आणि २० नोव्हेंबरच्या विधानसभा मतदानासाठी सहपरीक्षकांना काम लागल्यामुळे दुसरी सही मिळायला आणखी आठवडा गेला. ज्यांना हे करायचे आहे त्यांनी चाळीस-पन्नास फाइलींसाठी किमान दोन आठवडे हाताशी ठेवावेत.

अकरा जणांची पाने मी एकदा परत केली. त्यांपैकी आठांत अजूनही वाक्याचा जुना सांगाडा होता, आणि तिघांनी संदर्भ दिला होता तो न वाचलेल्या पुस्तकाचा, दुसऱ्याच्या सूचीतून उचललेला. या तिघांना मी प्रत्यक्ष वाचलेल्या स्रोताचेच नाव लिहायला लावले, मग तो कितीही साधा असो. मंगळवार, २६ नोव्हेंबरला गुणपत्रक कार्यालयात दिले.

अठ्ठावीस अंश लिहिणाऱ्या मुलाने ते वाक्य दुरुस्त न करता काढून टाकले होते. त्या जागी त्याने भाऊबीजेच्या दिवशी घरी वडिलांना विचारून लिहिले होते:

“आमची जमीन काळी आहे. शेजारच्या मुरमाड जमिनीतील बागेपेक्षा आम्ही पाणी उशिरा सुरू करतो. पाने किंचित मलूल होऊन कडा वळू लागल्या की ताण बसला असे माझे वडील मानतात (वडिलांची प्रत्यक्ष मुलाखत, ३ नोव्हेंबर २०२४). टिपणात दिलेले कारण याच्याशी जुळते (विभागाचे टिपण, २०२४, पृ. २).”

त्याने समासात पेन्सिलीने विचारले होते की वडिलांचे नाव संदर्भात लिहिलेले चालेल का. मी ‘हो, पूर्ण नाव आणि गाव लिही’ असे लिहून पान परत दिले.